वारणाकाठ कास्टिंग्ज प्रायव्हेट लिमिटेड (समापनाधीन): अवसायकाचे अंतिम हिशेब विवरणपत्र

कारखाना: शिरोली औद्योगिक वसाहत, जि. कोल्हापूर
समापन आदेश: राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, मुंबई, 18 जून 2021 (कंपनी कायदा 2013, कलम 271)
हिशेबाचा काळ: 18 जून 2021 ते 31 मार्च 2025

जमा (रुपये)
भूखंडाचे भाडेपट्टा हक्क व शेड: 2,06,00,000
भट्ट्या व यंत्रसामग्री: 1,18,40,000
येणे वसुली: 27,35,000
बँकेतील शिल्लक: 3,12,000
मुदत ठेवींवरील व्याज: 9,63,000
एकूण: 3,64,50,000

पुस्तकात येणे 71,20,000 होते. उरलेल्यापैकी बरेच तीन वर्षांच्या मुदतीबाहेर, तर काही ग्राहकांनी नाकारलेल्या ओतीव मालापोटी वजा केलेले. दाव्याचा खर्च वसुलीहून जास्त झाला असता, म्हणून ते सोडले. यंत्रांच्या पहिल्या लिलावात बोली आली नाही, कारण इंडक्शन भट्टीच्या पॅनेलमधील तांबे आदेशापूर्वीच चोरीस गेले होते. फेरमूल्यांकनानंतर राखीव किंमत कमी करावी लागली.

समापन खर्च
भूखंड हस्तांतरण शुल्क व थकबाकी 22,60,000, पहारा 14,20,000, अवसायक शुल्क 10,90,000, वकील व लेखापरीक्षण 5,95,000, मूल्यांकन व जाहिराती 3,85,000, विसर्जनापर्यंतची तरतूद 1,50,000. एकूण 59,00,000.

कामगार देणी
62 कामगारांचे वेतन, उपदान व नुकसानभरपाई 1,31,20,000 आणि भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी 14,80,000 पूर्ण दिली. बँकेचे तारणकर्ज आदेशापूर्वीच फिटले असल्याने कलम 326 खाली कामगारांच्या बरोबरीने वाटा मागणारा तारणधारक धनको नव्हता.

अग्रहक्काचे धनको (कलम 327), शंभर टक्के
वस्तू व सेवा कर 28,40,000
राज्य विमा वर्गणी 3,60,000
11 कर्मचाऱ्यांचा पगार, विहित मर्यादेपर्यंत 2,60,000
रजेचा पगार 1,90,000
एकूण 36,50,000

कराचा दावा 41,70,000 चा होता. अग्रहक्क फक्त आदेशापूर्वीच्या बारा महिन्यांत देय झालेल्या रकमेला मिळतो. उरलेले 13,30,000 विनातारण गटात घेतले आहेत. पगाराच्या मर्यादेवरील रकमेचेही तसेच.

विनातारण धनको
मान्य दावे: पुरवठादार 3,31,50,000, संचालकांची कर्जे 40,00,000, वीजबिल 18,20,000, जुना कर 13,30,000, पगाराची बाकी 7,00,000. एकूण 4,10,00,000.

वाटपास उपलब्ध 1,23,00,000, म्हणजे रुपयामागे 30 पैसे. पहिल्या वाटपात 22 पैसे (90,20,000) दिले. आता अंतिम 8 पैसे (32,80,000) धनकोंच्या खात्यात जमा होतील.

23,75,000 चे दावे फेटाळले: सहीची डिलिव्हरी चलने नाहीत, किंवा आदेशानंतरचे व्याज मागितले आहे. तीन पुरवठादारांचे (मान्य दावा 6,00,000) पैसे पहिल्या वाटपात परत आले. त्यांचे एकूण 1,80,000 कलम 352 खालील खात्यात भरले जातील. नंतर अर्ज कंपनी निबंधकांकडे करावा.

भागधारकांस वाटपयोग्य रक्कम: शून्य.

हिशेबावरील लेखी आक्षेप पुराव्यासह 30 जून 2025 पर्यंत पोहोचावेत. त्यानंतर कलम 302 खाली विसर्जनाचा अर्ज दाखल होईल.

कंपनी अवसायक
कोल्हापूर, 12 मे 2025