रेघ खाली येतेय, पण कुठे?

बसा सगळे, बुटांच्या लेसा नंतर सोडा. हा जून ते डिसेंबरचा आलेख, आपल्या सहा जणांच्या 100 मीटरच्या सरासरीचा. आडवे महिने, उभे सेकंद. इथं रेघ खाली आली की आपण वर गेलो, हे आधी डोक्यात बसवा. आणि उभी पट्टी शून्यापासून नाही, 12 पासून सुरू होते. म्हणून उतार दिसतो तेवढा मोठा नाही.

जूनला 12.9, आज 12.3. मधे सप्टेंबरचा उंचवटा बघा, 13.0. गणपतीत सराव बंद, रात्री जागरण, वर मोदक. त्यात नवल नाही. नवल ऑक्टोबरचं, एका महिन्यात अर्धा सेकंद! खूश होऊ नका. पावसाळाभर खानापूरच्या लाल चिखलात साध्या बुटांवर पळालात, ऑक्टोबरला मैदान वाळलं आणि स्पाइक्स आले. त्यातला बराच भाग मैदानाचा आणि बुटांचा. त्यानंतरची घसरण, 12.5, 12.4, 12.3, ती तुमची. दिसायला बारीक, पण मैदान तेच, बूट तेच.

एका चाचणीच्या 0.1 वरून मात्र कुणी नाचायचं नाही आणि रडायचंही नाही. हातातल्या घड्याळात अंगठ्याचीच तेवढी चूक होते. म्हणून तीन घड्याळं लावतो आणि तिन्ही वेगळी आली तर मधली धरतो. घड्याळ क्लॅपर मिटताना बघून दाबायचं. आवाज ऐकून दाबलं तर वेळ फुकट कमी दिसते.

आता खालच्या तीन रेघा. पहिले 30 मीटर 4.6 वरून 4.3. मधले 30 मीटर 3.5 वरून 3.3. शेवटचे 40 मीटर 4.8 वरून 4.7. ही तिसरी रेघ जवळजवळ आडवीच पडलीय. सहा महिने ब्लॉक आणि चढावर घाम गाळला, त्याचं फळ सुरुवातीला दिसलं. शेवटाला कुणी हातच लावला नव्हता.

साठनंतर काय होतं ते व्हिडिओत बघा. खांदे कानाकडे जातात, मुठी आवळतात, आणि वेग टिकवायला म्हणून पाय लांब टाकता. टाच कमरेच्या पुढे पडते, म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक. पाऊल कमरेखालीच पडलं पाहिजे, जबडा सैल.

सोमवारपासून आठवड्यातून दोनदा, मधे दोन दिवस सोडून, 120 मीटर चार वेळा. जोर नव्वद टक्के, दोन धावांमध्ये आठ मिनिटं विश्रांती. ती पूर्ण घ्यायची. कमी घेतली तर वेगाऐवजी दमल्यावर पळायची सवय लागते. मांडीच्या मागं ताण जाणवला की तिथंच थांबून मला सांगायचं, आणखी एक धाव मारून बघायची नाही. चौथी धाव पहिलीपेक्षा अर्ध्या सेकंदानं मागं पडली, तर पुढच्या वेळी तीनच.

पाणी प्या आणि जॉगिंगला चला. रिलेवाल्यांनी बॅटन घेऊन माझ्याकडे यायचं.