गेटवरचे दोन कॅमेरे: रात्रीचे फोटो शेजारी ठेवून

खालची सगळी निरीक्षणं साताऱ्यात शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या गेटची आहेत. रात्री कुणीतरी गाडी वळवताना गेटचा खांब घासून गेलं, तेव्हापासून घरात कॅमेऱ्याचा विषय निघाला. त्यामुळे पहिली अट नंबर वाचता येण्याची, बाकीचं नंतर.

कॅमेरेवाल्याने दोन नग पाहायला लावून दिले. दोन्ही पोर्चच्या स्लॅबखाली, दहा फुटांवर, एकमेकांना खेटून. तिथून गेट वीस फूट. दोन्ही चार मेगापिक्सेलचे, म्हणजे फोटो २५६० बाय १४४०. एकाला २.८ मिमीची लेन्स आणि रात्री पेटणारा पिवळसर दिवा, म्हणून फोटो रंगीत. दुसऱ्याला ६ मिमीची लेन्स आणि इन्फ्रारेड, फोटो काळा-पांढरा. पहिल्याला ‘रुंद’ म्हणतो, दुसऱ्याला ‘अरुंद’. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. इथे फरक पाडतात त्या लेन्स आणि सेटिंग.

फोटो थेट रेकॉर्डरमधून पेन ड्राइव्हवर घेतले. मोबाइलवर लाइव्ह दिसतं ती हलकी प्रत असते, आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो आणखी दाबला जातो. तसे फोटो पाहून कॅमेऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

रिकामं गेट, रात्री अकरा

इथे रुंद कॅमेऱ्याला तोड नाही. दोन्ही खांब, डावीकडचं छोटं दार, मीटरची पेटी, कंपाउंडलगत लावलेली स्कूटर आणि समोरचा बोळ पार वळणापर्यंत. स्कूटर लाल आहे हेही कळतं. अरुंदमध्ये मोठं गेट छान ठसठशीत येतं, पण छोट्या दाराची अर्धी चौकट कापली जाते. कुणी पायी येऊन त्या दाराची कडी काढली तर अरुंदमध्ये फक्त कोपर दिसेल.

आईने दोन्ही फोटो पाहून रुंदच्या बाजूने लगेच कौल दिला. फोटो उजळ दिसतो ना! पण उजळ फोटोत नंबर वाचता येतोच असं नाही.

आमचीच गाडी, गेटसमोर उभी, दिवे बंद

वीस फुटांवर रुंद कॅमेऱ्यात साधारण पंधरा मीटर रुंदीचा पट्टा मावतो, अरुंदमध्ये सहा मीटरपेक्षा थोडा कमी. गाडीची पुढची लांब पाटी ५०० मिमीची. म्हणजे रुंदमध्ये पाटीच्या अख्ख्या लांबीला ऐंशीच्या आसपास ठिपके, म्हणजे पिक्सेल, येतात, अरुंदमध्ये दोनशेच्या वर. रुंदच्या फोटोत ‘एमएच ११’ ओळखू येतं, कारण ते आपल्याला आधीच माहीत असतं. पुढच्या आकड्यांत ३ आणि ८ यांची गल्लत होते.

मग अरुंदमध्ये नंबर लख्ख दिसायला हवा? कॅमेरा बॉक्समधून काढल्यावर जशा सेटिंगला होता, तशात पाटी म्हणजे नुसता पांढरा चौकोन. नव्या एचएसआरपी पाट्यांवरची चमकदार फिल्म आलेला प्रकाश जिथून आला तिकडेच परत फेकते. इन्फ्रारेडचे दिवे लेन्सच्या शेजारीच, त्यामुळे सगळा झोत थेट कॅमेऱ्यात परततो आणि अक्षरं त्यात बुडतात. कॅमेरेवाला म्हणाला, “पाटीच खराब आहे.” पाटी खराब नाही, ती तिचं काम चोख करते.

मेनूत शटर १/२५ सेकंद होतं, ते १/२५० केलं, म्हणजे उजेड आत यायचा वेळ दहापट कमी, आणि इन्फ्रारेडची तीव्रता शंभरावरून तीसवर आणली. पुढच्या फोटोत आकडे काळे कुळकुळीत, डावीकडचं ‘IND’सुद्धा जाणवतं. बदल्यात गाडीचा बॉनेट, गेट, खांब सगळं अंधारात गेलं. आठ-दहा फोटोंच्या ढिगात हा फोटो कुणीही बाद म्हणून काढून टाकेल, आणि खांब घासणाऱ्याला पकडून देणारा नेमका हाच.

चढावरून येणारी गाडी, हेडलाइट चालू

आमचा बोळ खालून चढत येतो. सपाटीवर डिपरचा झोत रस्त्यावर पडतो. इथे गाडीचं नाक वर असतं, त्यामुळे डिपरही सरळ पोर्चमध्ये येतो. सातारकरांना हे वेगळं सांगायला नको.

रुंदमध्ये दोन हेडलाइटचे दोन गोळे, मध्ये पाटीची नुसती शंका. मेनूतलं HLC, म्हणजे प्रखर उजेड दाबणारं सेटिंग, चालू केल्यावर गोळे आवळले, पण त्याबरोबर पाटीही काळवंडली. अरुंदमध्ये शटर १/५०० केलं तेव्हा हेडलाइटचे दोन लहान ठिपके उरले आणि त्यांच्यामध्ये नंबर उभा राहिला. पाटी उजळवणारा इन्फ्रारेड कॅमेऱ्याचाच असतो आणि पाटी तो भरपूर परत देते, म्हणून एवढ्या कमी वेळातही तिला पुरेसा उजेड मिळतो. मघाशी जी चमक नडत होती, तीच इथे कामाला आली.

शटरचा हिशोब सोपा आहे. ताशी दहा किलोमीटरने बोळातून आडवी जाणारी गाडी १/२५ सेकंदात अकरा सेंटिमीटर सरकते. पाटीवरचं अक्षर साडेसहा सेंटिमीटर उंच आणि त्याची रेघ एक सेंटिमीटर जाड. मग फोटोत आकड्याऐवजी फराटा येणारच. १/५०० ला सरकणं अर्ध्या सेंटिमीटरवर येतं.

जाणाऱ्या गाडीची मागची पाटी दोन्हींत पुढच्यापेक्षा बरी वाचता येते, कारण समोरून झोत नसतो.

दुचाकी

मागची पाटी २०० बाय १०० मिमी, अक्षरं बारकी. रुंदमध्ये तिला तेहतीसेक ठिपके मिळतात, म्हणजे नंबर विसरा. अरुंदमध्ये निघून जाताना मागून वाचता आला, येताना पुढून नाही.

पावसाची रात्र

रिमझिम होती, वर डोंगरावरून धुकं उतरलेलं. अरुंदमध्ये थेंबांच्या पांढऱ्या रेघा, आणि लेन्सच्या टोपीला कोळ्याने धरलेलं जाळं ट्यूबलाइटसारखं चमकत होतं. जाळं केरसुणीने काढलं तरी कोळी परत हजर. रुंदच्या दिव्यावर पाकोळ्यांची जत्रा, त्यामुळे मोबाइलवर रात्रभर सूचनांचा पाऊस. शिवाय तो दिवा समोरच्या काकूंच्या बेडरूममध्ये पडतो. त्यांनी हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. दाट धुक्यात दोन्ही सारखेच हताश.

आणखी एक चमक आमच्या घरचीच होती. नुकताच पांढरा रंग दिलेला पोर्चचा खांब अरुंदच्या चौकटीच्या कडेला येत होता आणि जवळून इन्फ्रारेड परत फेकून मागचं सगळं झाकोळून टाकत होता. कॅमेरा चार बोटं पुढे सरकवल्यावर तो प्रश्न मिटला.

आता काय ठेवायचं

दोन्ही ठेवतोय. अरुंद स्लॅबच्या उजव्या टोकाला सरकवायचा, म्हणजे चढून येणारा झोत थेट डोळ्यात येणार नाही. शटर १/५००, इन्फ्रारेड तीस, आणि त्याच्याकडून नंबर सोडून दुसरी अपेक्षा नाही. रुंद आहे तिथेच, तोंड थोडं खाली, दिव्याची तीव्रता निम्मी.

एकच घेण्याइतके पैसे असतील तर मी रुंद घेईन, हे नंबरसाठी एवढी खटपट केल्यावरही सांगतो. गेटवर रात्री येणारा प्रत्येक जण गाडी घेऊन येत नाही. मात्र मग पोलीस चौकीत नंबर सांगता येईल ही आशा ठेवू नये. ६ मिमीचा एकटा लावायचा तर तो अशाच घराला, जिथे छोटं दार मोठ्या गेटातच आहे.