आयकर नोटिशीचे मराठी भाषांतर : आकारणी वर्ष २०२३-२४

मामा, नोटिशीचं मराठी खाली दिलंय. सरकारी मजकूर अर्थ न बदलता ठेवलाय. चौकटी कंसात आहे ते माझं. आधी दुकानातल्या कॅलेंडरवर खूण करा : मंगळवार, ३ डिसेंबर २०२४, दुपारी ३. पुढचं सगळं या तारखेला बांधलेलं आहे.

भारत सरकार, वित्त मंत्रालय, आयकर विभाग
राष्ट्रीय फेसलेस आकारणी केंद्र, दिल्ली
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४

[पॅन आणि नोटिशीचा दस्तऐवज क्रमांक मुद्दाम उतरवले नाहीत. एक आकडा चुकला तर घोळ. ते मूळ प्रतीवरूनच घ्या.]

विषय : आयकर अधिनियम, १९६१, कलम १४२(१) अन्वये नोटीस

महोदय,

आकारणी वर्ष २०२३-२४ साठी आपण भरलेले विवरणपत्र छाननीसाठी निवडले असून कलम १४३(२) ची नोटीस आपणास यापूर्वीच बजावण्यात आली आहे. [ती जूनमध्ये ईमेलवर आली होती. आपण पाहिली नाही, तरी ती मिळाली असंच धरतात.]

त्या आकारणीच्या संदर्भात, सोबतच्या परिशिष्टात नमूद केलेले हिशेब, कागदपत्रे व माहिती आपण दिनांक ३ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी ३.०० वाजेपर्यंत सादर करावी. उत्तर केवळ आयकर पोर्टलवरील आपल्या खात्यातून, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यावे.

[म्हणजे जळगावच्या ऑफिसात कागद नेऊन उपयोग नाही. incometax.gov.in वर लॉगिन करून e-Proceedings मध्ये जायचं. मुदतवाढही तिथेच मागता येते, पण मागितली म्हणजे मिळाली असं नाही. मागायचीच तर ३ तारखेच्या आत.]

परिशिष्ट

१. आपल्या विवरणपत्रात कलम ४४एडी अन्वये किराणा व्यवसायाची एकूण उलाढाल ३१,४०,००० रुपये दाखवलेली आहे. उपलब्ध माहितीनुसार पूर्ववर्षात आपल्या बचत खात्यात ५२,६०,००० रुपये रोख जमा झालेले आहेत. या रकमेचा स्रोत पुराव्यासह स्पष्ट करावा.

[‘पूर्ववर्ष’ म्हणजे गेलं वर्ष नव्हे. इथे ते १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३. या शब्दावर भलेभले घसरतात आणि चुकीच्या वर्षाचा उतारा जोडून बसतात.

बँकेने कळवलं म्हणून त्यांना कळलं. बचत खात्यात वर्षाला १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक कळवतेच. फरक २१,२०,००० चा आहे. दिवाळीनंतर कापूस विकला की गाव तुमची उधारी एकदम फेडतं, हे मला माहीत आहे, दिल्लीतल्या माणसाला नाही. त्याला उधारीची वही दाखवावी लागेल. आपल्या शेतातल्या कापसाचे पैसे याच खात्यात भरले असतील तर सातबारा आणि व्यापाऱ्याच्या पावत्या. बँकेतून काढून परत भरलेली रोख असेल तर त्या तारखा. वही मात्र आहे तशीच द्या, आता नव्याने लिहून काढू नका.]

२. सदर कालावधीतील आपल्या नावे असलेल्या सर्व बँक खात्यांचे उतारे सादर करावेत. [सर्व. पतसंस्थेचं आणि मामींसोबतचं जॉइंटही.]

३. स्रोताचे समाधानकारक स्पष्टीकरण न मिळाल्यास सदर रक्कम कलम ६९ए अन्वये अस्पष्टीकृत पैसा म्हणून आपल्या उत्पन्नात का मिळवू नये व कलम ११५बीबीई अन्वये कर का आकारू नये, याची कारणे दाखवावीत.

[हा सगळ्यात जड परिच्छेद. या कलमाचा कर ६० टक्के, त्यावर २५ टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर. मिळून ७८ टक्के. पूर्ण फरक अडकला तर १६,५३,६०० रुपये. व्याज आणि दंड वेगळे.]

पालन न केल्यास परिणाम

(अ) आपण या नोटिशीचे पालन न केल्यास उपलब्ध माहितीच्या आधारे कलम १४४ अन्वये आकारणी पूर्ण करण्यात येईल.

[‘येईल’ लिहिलंय, ‘येऊ शकेल’ नाही. तुमच्याविना ते स्वतःच्या अंदाजाने उत्पन्न ठरवतील. फेसलेस आकारणीत त्याआधी कलम १४४ ची कारणे दाखवा नोटीस त्यांना द्यावी लागते, पण तिच्या भरवशावर राहू नका. आकारणीची शेवटची मुदत ३१ मार्च २०२५ आहे. ती त्यांची आहे, तुमची नाही.]

(ब) कलम २७२ए(१)(डी) अन्वये प्रत्येक कसुरीसाठी १०,००० रुपये दंड आकारला जाऊ शकेल.

[वाजवी कारण दाखवलं तर टळू शकतो. दंड भरला म्हणजे उत्तरातून सुटका झाली, असं नाही.]

(क) हेतुपुरस्सर पालन न केल्यास कलम २७६डी अन्वये खटला भरण्यात येऊ शकेल. त्यात एक वर्षापर्यंत सक्तमजुरी व दंडाची तरतूद आहे.

[‘हेतुपुरस्सर’ म्हणजे जाणूनबुजून. घाबरवण्यासाठी लिहिलं नाही, मूळात आहे म्हणून लिहिलं. मामींना हा परिच्छेद तुम्हीच समजावून सांगा, फोनवरून मला जमणार नाही.]

आकारणी युनिट, आयकर विभाग
(डिजिटल स्वाक्षरीत)

उत्तरावर सही करण्याआधी सीए साहेबांना मूळ इंग्रजी प्रत दाखवा. माझं मराठी तुमच्या समजण्यापुरतं आहे. २०२२-२३ चे उतारे बँकेतून उद्याच मागवा, शाखेत चार-पाच दिवस लावतात. मी रविवारी अमळनेरला येतो, उधारीच्या वह्या माळ्यावरून काढून ठेवा.

तुमचा भाचा