आपल्या कुटुंबाच्या स्थावर मालमत्तेची यादी

तारीख: 12 जानेवारी 2025. याआधीची 2021 ची यादी फाडून टाका. तीत गाळ्याचा जुना भाडेकरू आहे.

दादा, ताई आणि धाकट्यासाठी. हे मृत्युपत्र नाही. मृत्युपत्र वेगळं आहे: 2022 साली दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलंय, मूळ प्रत लॉकरमध्ये आणि झेरॉक्स हिरव्या फाइलमध्ये. कोणाला काय मिळणार ते त्यात बघा. या कागदावर फक्त काय आहे, कागद कुठे आहेत आणि सध्या कोण बघतंय एवढंच.

लॉकर माझं पेन्शन येतं त्याच शाखेत, माझ्या आणि ताईच्या नावावर. चावी ताईकडे. हिरवी फाइल बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, जुन्या स्वेटरांच्या मागे.

1. राहता फ्लॅट, कोथरूड, पुणे (दुसरा मजला, क्र. 7)
2003 साली घेतला. मी आणि आई, दोघांच्या नावावर. नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स 2 आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत लॉकरमध्ये. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही तिथेच. कर्ज 2016 ला फिटलं. बँकेचा ना-देय दाखला मूळ करारनाम्याला टाचलेला आहे, तो काढू नका. मिळकत कर आणि मेंटेनन्स दादा ऑनलाइन भरतो, पावत्या हिरव्या फाइलमध्ये.
नॉमिनी ताई आहे, म्हणून फ्लॅट ताईचा होत नाही. सोसायटीला व्यवहार करायला एक नाव हवं असतं, तेवढ्यापुरतं ते. यावरून भांडू नका.
जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज केलाय. दादा, वार्षिक सभेला जात जा आणि हे प्रकरण कुठवर आलं ते विचारत जा.

2. गावची शेती, ता. वाई, जि. सातारा: गट क्र. 214, 0.86 हेक्टर (2 एकर 5 गुंठे)
इथे सगळ्यात जास्त घोळ होईल, म्हणून सविस्तर लिहितो. ही जमीन एकट्या माझी नाही. आजोबांच्या वेळी सातबाऱ्यावर फक्त थोरल्या चुलत्यांचं नाव होतं, पुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. आजोबा 1998 ला गेले, आणि आमच्या चौघा भावंडांची नावं लागायला 2004 उजाडलं. जुने फेरफार कुठे ठेवलेत तेच कोणाला माहीत नव्हतं. शेवटी ते देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या डब्यात सापडले, अर्धे वाळवीने खाल्लेले. ही यादी करायची सवय मला तेव्हापासून लागली.
आज सातबाऱ्यावर मी, काका आणि धाकटी आत्या आहोत. मोठ्या आत्याने 2009 मध्ये नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आम्हा दोघा भावांच्या लाभात हिस्सा सोडला. धाकट्या आत्याने सोडलेला नाही, आणि तिच्यामागे कोणी लागायचंही नाही. तिचा हक्क आहे. तुमची ताई जशी वारस, तशीच ती.
काका उत्तरेकडचा भाग करतात, आपण दक्षिणेकडचा. हे वाटप तोंडी आहे. बांध घातलाय, पण सातबारा एकच. रीतसर वाटप झाल्याशिवाय ‘हा आपला तुकडा’ म्हणून कोणाला विकायला जाऊ नका.
कागद: फेरफारांच्या नकला आणि हक्कसोडपत्र लॉकरमध्ये, चालू सातबारा आणि 8अ हिरव्या फाइलमध्ये. डिजिटल सहीचा ताजा सातबारा digitalsatbara.mahabhumi.gov.in वर मिळतो. दर जानेवारीत एकदा काढा आणि नावं नीट वाचून घ्या. मी गेल्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज करा, तिघांची आणि आईची, चारही नावं घाला.
शेत बघतो चुलतभाऊ, निम्मेनं. हळद आणि थोडा ऊस. हिशेब तो मार्चमध्ये वहीतून देतो, वहीचे फोटो दादाच्या फोनमध्ये आहेत. पाणीपट्टी तोच भरतो, आपण निम्मी देतो.

3. गावचं घर
मी, काका आणि धाकटी आत्या यांच्या सामाईक. मातीच्या भिंती, 2012 ला वर पत्रा टाकला. ग्रामपंचायतीचा नमुना 8 आहे. तलाठ्याचा 8अ तो नव्हे, दोन्ही वेगळे. मी स्वतः एकदा चुकीचा उतारा घेऊन तालुक्याला गेलो आणि हात हलवत परत आलो. नमुना 8 घरपट्टीसाठी असतो. मालकी सिद्ध करायला तेवढा पुरत नाही. घरपट्टी काका भरतात. किल्ली शेजारच्या वहिनींकडे. हे घर विकायचं की ठेवायचं, ते काकांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

4. गाळा, सातारा शहर
आईचा. तिने स्वतःच्या पगारातून घेतला, खरेदीखत तिच्या एकटीच्या नावावर. माझ्या मृत्युपत्रात याचा उल्लेख नाही आणि नसणार. सध्या शिलाईचं दुकान आहे. नोंदणीकृत भाडेकरार 31 मार्च 2027 पर्यंत. भाडं तिच्या खात्यात जमा होतं. अनामत 1,50,000 रुपये, गाळा रिकामा होईल तेव्हा ते परत द्यायचे आहेत. ती रक्कम आईच्या नावे मुदत ठेवीत वेगळी ठेवलीय, खर्चू नका. कागद तिच्या कपाटात, निळी फाइल. हिशेब ताई ठेवते.

5. महामार्गाजवळचे 2 गुंठे: मालमत्ता म्हणून धरू नका
1994 साली एका ओळखीच्या माणसाकडून घेतले. फक्त साठेखत झालं, तेही स्टॅम्प पेपरवर, नोंदणी न करता. तुकडेबंदीमुळे खरेदीखत झालंच नाही. सातबाऱ्यावर आपलं नाव नाही. 18,000 रुपये गेले असं समजा. साठेखत हिरव्या फाइलमध्ये शेवटच्या पाकिटात आहे. कोणी ‘सोडवून देतो’ म्हणून पैसे मागायला आला तर देऊ नका.

6. जे आपलं नाही
ओढ्याकडचा पाच गुंठ्यांचा पट्टा आपण गेली पंधरा वर्षं कसतो, पण तो चुलत आजोबांच्या घरातल्यांचा आहे. त्यांनी मागितला की पीक काढून सोडून द्या. विहिरीत मात्र आपला चार आणे हिस्सा आहे, तो सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदलेला आहे. मोटारीच्या वीजबिलाचा चौथा भाग आपण देतो.

कोणत्याही मिळकतीवर आज कर्ज, बोजा किंवा दावा नाही. मी कोणालाही कुलमुखत्यारपत्र दिलेलं नाही. तसं कोणी दाखवलं तर ते खोटं समजा.

प्रती तीन: ताईकडे, दादाकडे आणि लॉकरमध्ये. धाकट्याला फोटो पाठवलाय. बदल झाला की चारही ठिकाणी एकाच दिवशी बदलायचा.

बाबा
(आईने वाचून खाली सही केली आहे)