चिंगी खार आणि टिमू काजवा: झोपताना दाखवायच्या ॲनिमेशनचा प्रॉम्प्ट

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ६४ सेकंदांची गोष्ट. आठ दृश्ये, प्रत्येक ८ सेकंदांचे, १६:९ आडवी चौकट, सेकंदाला २४ फ्रेम. शैली जलरंगातल्या चित्रपुस्तकाची: कडा मऊ, काळी बाह्यरेषा नाही, कागदाचा पोत किंचित दिसणारा.

पात्रे, जागा आणि रंग हे तीन परिच्छेद प्रत्येक दृश्याच्या मजकुराआधी शब्दही न बदलता चिकटवायचे. व्हिडिओ बनवणारे एआय टूल प्रत्येक दृश्य नव्याने काढते. नुसते ‘तीच खार’ लिहिले की पाठीवरचे पट्टे कधी दोन होतात, कधी पाच.

पात्रे: चिंगी, खारीचे पिल्लू. अंग राखाडी-तपकिरी, पाठीवर तीन फिकट पट्टे, पोट पांढरट, शेपूट अंगाएवढी लांब. कान लहान व गोल, त्यांवर केसांचे तुरे नाहीत. अंग तांबडे नाही. (हे लिहिले नाही तर बहुतेक वेळा परदेशातली तांबडी खार येते.) अंगावर कपडे, टोपी काही नाही. चिंगीची आई तशीच, पण दीडपट मोठी, पहिल्यापासून झोपलेली. टिमू काजवा चिंगीच्या पंजाएवढा, डोळे म्हणजे दोन ठिपके, प्रकाश फक्त पोटाच्या टोकाला. बोलताना कोणाचेही तोंड हलत नाही.

जागा: मे महिन्याच्या शेवटची रात्र. डावीकडून आलेली आंब्याची जाड फांदी, उजव्या बाजूच्या बेचक्यात काटक्या, गवत आणि सावरीच्या कापसाचे घरटे, मागे सह्याद्रीची एकच सपाट डोंगररेघ. चंद्र नाही, कारण काढला तर तो दर दृश्यात जागा बदलतो आणि मुलांच्या ते लगेच लक्षात येते. कॅमेरा स्थिर.

रंग: आकाश #2F3E5C, डोंगर #43526B, पाने #4F6355, घरटे #A58B6A, टिमूचा प्रकाश #DDE58A. शुद्ध पांढरा व भडक लाल कुठेही नाही. उजेड दृश्यागणिक थोडा कमी. आठव्या दृश्यात उजेड पहिल्याच्या निम्मा.

दृश्य १. आई झोपलेली, चिंगी तिच्या शेपटीवर हनुवटी टेकून जागी. फक्त पापण्या लवतात.
निवेदन: “आंब्यावर रात्र झाली. आई झोपली. चिंगीचे डोळे मात्र टक्क उघडे.”

दृश्य २. चिंगी मान वर करते. आकाशात सात चांदण्या, स्थिर.
निवेदन: “एक चांदणी, दोन चांदण्या, तीन चांदण्या…”

दृश्य ३. डावीकडून एक मऊ ढग सरकत येतो. चिंगी हलत नाही.
निवेदन: “तेवढ्यात ढग आला. चांदण्या गेल्या पांघरुणात.”

दृश्य ४. पानाआडून टिमू येतो आणि घरट्याच्या काठावर बसतो.
निवेदन: “‘मी आहे ना,’ टिमू म्हणाला. ‘मला मोज.’”

दृश्य ५. टिमूचा प्रकाश ४ सेकंदांत हळूहळू वाढतो, ४ सेकंदांत ओसरतो. त्याच लयीत चिंगीचे पोट वर-खाली. गोष्टीचा सगळा जीव या लयीत आहे. पाहणाऱ्या मुलानेही नकळत संथ श्वास घ्यावा, हा हेतू. ‘लुकलुकणे’ हा शब्द प्रॉम्प्टमध्ये घालू नये, त्याने प्रकाश झपझप उघडझाप करतो.
निवेदन: “टिमू उजळला… टिमू मंदावला. एक.”

दृश्य ६. तेच. चिंगीच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या.
निवेदन: “पुन्हा उजळला… पुन्हा मंदावला. दोन.”

दृश्य ७. तेच, चिंगीचे डोळे पूर्ण मिटलेले.
निवेदन: “ती…न…”

दृश्य ८. प्रकाश एकदाच वाढून ओसरतो आणि परत येत नाही. निवेदन नाही.

नको असलेले: चित्रात कुठलीही अक्षरे (देवनागरी अनेकदा मोडते), माणसे, वीज, पाऊस, झूम, एका दृश्यात एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन हालचाली, दात दिसणारे हसू, चमचमणारी धूळ. ही धूळ न मागताच चित्रात येते, म्हणून स्पष्ट नाकारावी.

आवाज वेगळा रेकॉर्ड करून जोडायचा. दृश्याला बारा शब्दांच्या आत निवेदन ठेवले आहे ते संथ वाचता यावे म्हणून. मागे रातकिडे अगदी हलके, पाचव्या दृश्यापासून आणखी हलके. संगीत नाही.

आधी दोन स्थिर चित्रे करून पक्की करावीत: टिमूशिवाय आणि टिमूसह. दृश्य १ पहिल्यावरून आणि ५ दुसऱ्यावरून सुरू करायचे, बाकीच्यांना आधीच्या दृश्याची शेवटची फ्रेम द्यायची. आठही दृश्ये सलग ओढली तर रंग थोडे थोडे गडद होत जातात आणि चिंगीचा चेहरा बदलतो. प्रत्येक दृश्य तयार झाले की पट्टे, पंजे आणि शेपट्या मोजून घ्या. एकाच खारीला दोन शेपट्या झाल्या तर दुरुस्त करत बसू नका, ते दृश्य नव्याने काढा.