मोबाइलच्या साहाय्याने शाळेच्या आवाराचा नकाशा तयार करण्यासाठी परवानगी मिळण्याबाबत

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
माध्यमिक विभाग (मराठी माध्यम),
कारेलीबाग, वडोदरा.

विषय : इयत्ता नववी 'अ'च्या विद्यार्थ्यांना ६ व १३ डिसेंबर रोजी शाळेच्या आवारात मोबाइल वापरून नकाशा करू देण्याबाबत.

महोदय,

शनिवारच्या शिक्षकसभेत मी हा विषय काढला तेव्हा आपण म्हणालात, "मोबाइल म्हटलं की पालक आधी माझ्या दारात उभे राहतात. सगळं लेखी द्या, मग बघू." त्याप्रमाणे हे पत्र देत आहे. थोडे लांबले आहे, पण सभेत निघालेल्या प्रत्येक शंकेचे उत्तर त्यात यावे असा प्रयत्न केला आहे.

विनंती अशी की, नववी 'अ'च्या ४२ विद्यार्थ्यांना वरील दोन शनिवारी शेवटच्या दोन तासिकांत आवाराची मोजणी करू द्यावी. सात-सात मुलांचे सहा गट असतील आणि प्रत्येक गटाकडे एकच मोबाइल असेल. आपल्या शाळेत विद्यार्थ्यांना मोबाइल आणायला बंदी आहे. ती योग्यच आहे आणि तशीच राहावी. या दोन दिवशी, या सहा मोबाइलपुरती तिला सवलत हवी आहे.

सध्या आवाराचा धड एकही नकाशा आपल्याकडे नाही. कार्यालयात जो निळ्या कागदावरचा आराखडा आहे तो नवी इमारत होण्यापूर्वीचा. ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांसाठी खुला असलेला नकाशा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. जगभरचे लोक आपापल्या भागाची माहिती त्यात स्वतः भरतात. त्यात आपली शाळा म्हणजे नुसता एक चौकोन आहे, तोही जुन्या इमारतीचा. नवी इमारत नाही, मागचे फाटक नाही, मैदान तर शेजारच्या सोसायटीच्या हद्दीत गेले आहे. रिक्षावाले पालकांना पुढच्या बोळात सोडतात त्याचे आश्चर्य वाटायला नको. मुलांनी केलेली दुरुस्ती तिथे गेली तर शाळेचे नाव मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत दिसू शकेल.

अभ्यासक्रमाबद्दल गणिताच्या सरांशी बोलले आहे. नववीला निर्देशक भूमिती आणि हेरॉनचे सूत्र दोन्ही आहेत. आपले मैदान ना चौरस ना आयत. त्याचे त्रिकोण पाडायचे, तिन्ही बाजू टेपने मोजायच्या आणि क्षेत्रफळ काढायचे, यापेक्षा हेरॉनच्या सूत्राचा चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. भूगोलात अक्षांश-रेखांश शिकवताना मुले पृथ्वीच्या गोलावरच्या रेघा पाठ करतात, पण २२.३ अंश उत्तर म्हणजे आपण नक्की कुठे उभे आहोत हे त्यांना कळत नाही. मोबाइलवर अंशाची पाच दशांशस्थळे दिसतात. वडोदऱ्यात पाचव्या स्थळातला एकाचा फरक म्हणजे जमिनीवर जेमतेम एक मीटर. पाण्याच्या टाकीपासून कडुनिंबापर्यंत चालत गेले की आकडा बदलताना डोळ्यांनी दिसतो.

तिथेच खरा धडा आहे. उघड्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो. भिंतीजवळ उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोचतो, त्यामुळे तिथे चूक आणखी वाढते. म्हणजे पाचवे दशांशस्थळ पडद्यावर दिसते खरे, पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही. सहा गटांनी एकाच फाटकाची जागा नोंदवली तर सहा ठिपके पडतील. कोणता खरा, हे मुलांनी टेप लावून ठरवायचे. पडद्यावर दिसते तेच खरे मानणाऱ्या पिढीला हे एकदा हाताने करू द्यावे, असे मला फार वाटते.

यातून शाळेचाही एक फायदा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आपल्या भागात शिरले तेव्हाची पाण्याची रेघ सायकल स्टँडच्या भिंतीवर अजून दिसते. त्या रेघेच्या तुलनेत कोणत्या खोलीची जमीन किती खाली आहे, हे आजवर कोणी मोजलेले नाही. मोबाइल उंचीच्या बाबतीत तर अगदीच बेभरवशाचा, म्हणून तिथे गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी वापरू. नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांची पातळी एक होते, मग लाकडी पट्टीने फरक वाचायचा. विजेचे मुख्य बटण, जुनी हजेरीपुस्तके ठेवलेले कपाट आणि प्रयोगशाळेतील रसायने त्या रेघेच्या वर आहेत की खाली, एवढे जरी कळले तरी पुढच्या पावसाळ्याआधी हलवाहलव करता येईल. अग्निशामक नळकांडी, उतार असलेली दारे आणि जमण्याची मोकळी जागाही याच नकाशावर येतील.

आता मोबाइलबद्दल. मुलांनी स्वतःचा मोबाइल आणायचा नाही. प्रत्येक गटातील एकाच विद्यार्थ्याच्या घरून, पालकांच्या सहीच्या चिठ्ठीसह मोबाइल येईल आणि सकाळी शाळा भरण्यापूर्वी कार्यालयात जमा होईल. तासिका सुरू होताना मी तो स्वतः घेईन, संपल्यावर परत कार्यालयात देईन आणि शाळा सुटताना तो त्या विद्यार्थ्याला सही घेऊन मिळेल. वापरताना मोबाइल विमान मोडवर असेल, म्हणजे कॉल नाही, संदेश नाही, इंटरनेट नाही. उपग्रहाकडून स्थान घेणे हे फक्त ऐकण्याचे काम असल्याने ते इंटरनेटशिवाय होते. पहिल्यांदा स्थान लागायला काही मिनिटे जास्त लागतात, तेवढी मैदानात वाट पाहू. लागणारे अ‍ॅप आणि नकाशाचा तुकडा आदल्या दिवशी पालकांसमोर घरीच उतरवून घ्यायला सांगेन. सहापैकी एखादा मोबाइल आला नाही तर माझा वापरू.

काही मुलांकडे माझ्यापेक्षा महागडे फोन आहेत आणि काहींच्या घरात एकच साधा फोन आहे, हे आपल्याला माहीत आहेच. म्हणून मोबाइल हाताळण्याची पाळी दर पंधरा मिनिटांनी बदलेल. बाकीचे टेप धरतील, नोंदी करतील, कागदावर रेखाटन काढतील. कागदाचे रेखाटन करणाऱ्याचे काम सगळ्यांत अवघड, हेही मी वर्गात आधीच सांगितले आहे.

छायाचित्रे फक्त वस्तूंची घेतली जातील. माणसांची नाहीत आणि मुलींच्या स्वच्छतागृहाकडे मोबाइल जाणार नाही. ती नोंद मी आणि दोन विद्यार्थिनी टेपने करू. मोबाइलवर काढलेल्या चित्रात जागेची माहिती दडलेली असते, त्यामुळे चित्रे संगणक कक्षात उतरवून मोबाइल परत करण्यापूर्वी पुसून टाकू. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आपण मुलांची कोणतीच माहिती बाहेर देणार नाही, तरीही सर्व ४२ पालकांचे संमतिपत्र घेणार आहे.

एका गोष्टीवर आपले मत मला खास हवे आहे. खुल्या नकाशावर एकदा टाकलेली माहिती नंतर काढली तरी तिचा इतिहास राहतो. म्हणून मी दोन नकाशे सुचवते. सार्वजनिक नकाशावर इमारतींच्या कडा, फाटके, मैदान, झाडे, दारांचे उतार आणि शाळेचे नाव एवढेच जाईल. विजेचे बटण, कॅमेरे, प्रश्नपत्रिकांची खोली, वर्गांची आतली मांडणी आणि पुराच्या पातळ्या फक्त कार्यालयातील कागदी नकाशावर राहतील. सार्वजनिक भाग मी माझ्या खात्यातून भरेन, मुले पडद्यावर पाहतील, त्यांनी खाती उघडायची नाहीत. भरण्यापूर्वी छापील प्रत आपल्याला दाखवीन आणि आपण ज्यावर काट माराल ते जाणार नाही.

कायद्याने असे नकाशे करता येतात का, हा प्रश्न उपमुख्याध्यापकांनी विचारला होता. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांवर मर्यादा आहेत, पण शाळेच्या मैदानाला त्या लागू होत नाहीत.

मुले फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावावर जे घडले त्यानंतर वडोदऱ्यातल्या कोणत्याही पालकाला सहलीचे नुसते नाव काढले तरी धसका बसतो, आणि तो मी समजू शकते. गच्ची, पाण्याची टाकी आणि जुन्या इमारतीचा लाकडी जिना वर्ज्य. विजेच्या खोलीची जागा शिपाईकाका बाहेरून दाखवतील.

तारखा ठरवताना मतदारयादीच्या कामाचा विचार केला आहे. त्या कामावर गेलेले आपले दोन शिक्षक ४ डिसेंबरनंतर मोकळे होतील आणि मैदानावर मला दोघांची मदत लागेल. खेळाच्या सरांनी आपली तासिका द्यायला होकार दिला आहे, लांब उडीची ३० मीटरची टेपही देणार आहेत. नळी आणि छपाई मिळून चारशे रुपयांच्या आत खर्च येईल, पावती सादर करीन.

आपला निर्णय सोमवार, २४ नोव्हेंबरपर्यंत कळल्यास संमतिपत्रे वेळेत वाटता येतील. दोन शनिवार जास्त वाटत असतील तर पहिला द्यावा. फक्त मैदान आणि फाटके करू. सार्वजनिक नकाशा नको असे आपले मत झाले, तर कार्यालयापुरता करू. मोबाइलच नको असे ठरले, तरी टेप आणि नळी घेऊन पुराच्या पातळ्यांचे काम मी करू इच्छिते. त्यासाठी वेगळा अर्ज लागणार नाही अशी आशा आहे.

कळावे.

आपली नम्र,
वैशाली देवधर
भूगोल शिक्षिका व वर्गशिक्षिका, नववी 'अ'

सोबत : पालक संमतिपत्राचा नमुना, गटांची यादी, आवाराचे कच्चे रेखाटन.