बी. रघुनाथ : जीवन आणि लेखन
(मराठी विषयाचा प्रकल्प, इयत्ता अकरावी कला. प्रकल्पाचा विषय : मराठवाड्यातील साहित्यिक)

आधी एक खुलासा. ‘चाफा बोलेना’ लिहिणारे कवी ‘बी’ वेगळे आणि बी. रघुनाथ वेगळे. पहिले नारायण मुरलीधर गुप्ते, मलकापूरचे म्हणजे वऱ्हाडातले. दुसरे आपले, परभणीचे. नावातल्या ‘बी’मुळे या दोघांची गल्लत होते.

बी. रघुनाथ यांचे पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. १५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोना या गावी त्यांचा जन्म झाला. रेल्वेने सेलूहून परतूरकडे जाताना हे गाव लागते. पुस्तकांत या गावाचा जिल्हा परभणी असा सापडतो आणि नकाशावर तो जालना दिसतो. दोन्ही बरोबर आहे. १९८१ साली जालना जिल्हा नवा झाला, तेव्हा परतूरकडचा भाग परभणीतून निघून त्यात गेला. लेखकाच्या हयातीत सातोना परभणी जिल्ह्यातच होते, म्हणून इथे तसेच धरले आहे.

मात्र जिल्ह्यापेक्षा राज्य कोणते हे अधिक महत्त्वाचे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारी कारभार उर्दूत चाले आणि उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. घरात, शेतात आणि देवळात मराठी, तर कचेरीत उर्दू, असे इथल्या माणसांचे दिवस जात. मराठी पुस्तके आणि मासिके निघत ती मुख्यतः पुण्या-मुंबईकडे, संस्थानाच्या हद्दीपलीकडे. संस्थानातल्या मराठी लेखकांची पहिली मोठी संघटना, निजाम राज्य मराठी साहित्य परिषद, १९३७ साली उभी राहिली. बी. रघुनाथ तेव्हा चोवीस वर्षांचे होते.

त्यांचे शिक्षण हैदराबादला मॅट्रिकपर्यंत झाले. पुढे कॉलेज झाले नाही. निजाम सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना नोकरी लागली आणि परभणीच्या कचेरीत ते कारकुनी करत राहिले. त्यांचे सगळे लेखन ही नोकरी सांभाळून झालेले आहे, हे लक्षात ठेवून पुढची साले वाचावीत.

१९४० साली ‘साकी’ हा कथासंग्रह आला. १९४१ साली ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह आला. मग कादंबऱ्यांची रांगच लागली. ‘हिरवे गुलाब’ १९४३ मध्ये, ‘बाबू दडके’ १९४४ मध्ये, ‘उत्पात’ १९४५ मध्ये आणि ‘म्हणे लढाई संपली’ १९४६ मध्ये. वर्षाला एक कादंबरी, तीही दिवसभर कचेरीतले कागद उपसून! दुसरे महायुद्ध १९४५ साली थांबले आणि पुढच्याच वर्षी ‘म्हणे लढाई संपली’ हे नाव छापून आले. त्या ‘म्हणे’मधला तिरकसपणा मला फार आवडतो. लढाई संपल्याची बातमी आली खरी, पण लेखकाला ती पटलेली दिसत नाही.

यानंतरचा काळ संस्थानात धामधुमीचा होता. देश १९४७ साली, नेमक्या त्यांच्या वाढदिवशी, स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान मात्र निजामाच्या हातातच राहिले. रझाकारांचा उच्छाद, स्टेट काँग्रेसचा लढा आणि सीमेवरच्या छावण्या यांत तेरा महिने गेले. शेवटी पोलीस ॲक्शन होऊन १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. त्याच वर्षी ‘फकिराची कांबळी’ हा कथासंग्रह आणि १९४९ साली ‘जगाला कळले पाहिजे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. निजामाच्या खात्यात पगारी नोकर असलेल्या माणसाने त्या दिवसांत लेखणी खाली ठेवली असती तरी कोणी दोष दिला नसता. १९५१ साली ‘छागल’ हा कथासंग्रह आला.

कवितांबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण त्यांचे नाव लोकांच्या ओठांवर आहे ते कवितांमुळे. ‘आज कुणाला गावे?’ ही त्यांची प्रसिद्ध कविता. गाणे गळ्यात आहे, पण ते ज्याच्यासाठी गावे असे काही भोवती उरलेले नाही, अशी ती अडचण आहे. मला मात्र ‘चंदनाच्या विठोबाची माय गावा गेली’ ही कविता सर्वांत मोठी वाटते. घरातली खेळकर लहान मुलगी गावाला गेली आहे, एवढीच घटना. पण कवी तिच्याबद्दल थेट बोलत नाही, तो तिच्या खेळाबद्दल बोलतो. ती ज्या चंदनाच्या विठोबाशी खेळायची तो पोरका झाला आणि जी ओसरी तिच्यामुळे पंढरी झाली होती ती ओस पडली. ‘मला तिची आठवण येते’ असे कोणीच म्हणत नाही. आषाढीला ज्या घरातून दिंडीसोबत माणसे जातात, तिथल्या वाचकाला विठोबा, पंढरी आणि माय हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. घरातली पोर गावाला गेल्यावर ओसरी कशी दिसते, तेही सांगावे लागत नाही. आमच्या आजीला ही कविता वाचून दाखवली, तर तिने सासरी गेलेल्या आत्याचा विषय काढला. कवितेत सासरचा उल्लेख नाही, पण आजीचे ऐकून तो अर्थही मला चुकीचा वाटला नाही.

कथा-कादंबऱ्यांत निजामी राजवटीतला मराठवाडा आहे. हा मराठवाडा त्या काळच्या मराठी वाचकाला फारसा माहीत नव्हता. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची घरे तेव्हाच्या गोष्टींत पुष्कळ सापडत, तर परभणीकडची गावे क्वचित. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी या दृष्टीने सर्वांत आधी वाचावी असे माझे मत आहे. ‘ओ…’ ही त्यांची आणखी एक कादंबरी. तिचे नाव वहीत लिहिताना टिंबे विसरू नयेत. त्यांचे गद्य काही ठिकाणी जड होते, वाक्यावर कविता चढून बसते आणि गोष्ट थांबते. चार वर्षांत चार कादंबऱ्या लिहिणाऱ्याकडून असे होणारच.

७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. मराठवाडा त्यानंतर तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे हा मराठी लेखक जन्मभर हैदराबादचा रहिवासी राहिला. मराठीत कारभार चालणारे राज्य त्याला पाहायला मिळाले नाही.

त्यांच्या पश्चात चार पुस्तके आली. ‘आडगावचे चौधरी’ १९५४ साली, ‘आकाश’ हा कथासंग्रह आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा दुसरा कवितासंग्रह १९५५ साली, आणि ‘काळी राधा’ हा कथासंग्रह १९५६ साली. ज्या कादंबरीची मी वर शिफारस केली, ती छापलेली त्यांनी पाहिलीच नाही.

परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे आणि सप्टेंबरात त्यांच्या नावाने साहित्य महोत्सव भरतो. छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या स्मृतिदिनी त्यांच्या नावाचा वाङ्मय पुरस्कार दिला जातो. सभागृहात नाटक किंवा गॅदरिंग पाहायला आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. प्रकल्प सादर करताना मी ‘चंदनाच्या विठोबाची माय’ ही कविता पूर्ण म्हणणार आहे आणि ‘फकिराची कांबळी’मधली एक कथा थोडक्यात सांगणार आहे. तासाला वेळ कमी पडला तर कथा सोडेन, कविता नाही.